शेवटच्या घरातली मात्रा

आज हेडफोन लावून नुसतं ऐकू नका, जमलं तर एक कागद आणि पेन्सिल जवळ घ्या. पेन नको, पेन्सिलच. का ते पुढे कळेल.

आज मी शब्दकोड्याबद्दल बोलणार आहे. पेपरात येतं ना, आडवे शब्द, उभे शब्द, काळे-पांढरे चौकोन, तेच. त्यातलीसुद्धा एकच गोष्ट घेणार आहे. शब्द आपल्याला आठवलेला असतो, पण त्याचं नेमकं कोणतं रूप लिहायचं ते ठरत नाही. वीट की विटा? पळणे की पळाला? पळाला की पळाले? अर्धी कोडी इथंच अडतात. शब्द चुकलेला नसतो, शेवटची मात्रा चुकलेली असते.

माझं गाव देगलूर. नांदेड जिल्ह्याचं अगदी टोक. एका अंगाला तेलंगणातलं मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं औराद. घरी माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी आयुष्यभर सकाळचं कोडं शाईपेनानं सोडवलं. खाडाखोड नाही. मी नोकरीला पुण्यात आले आणि तिकडे आबांची नजर कमी होत गेली. मोठी अक्षरं दिसतात, पण कोड्याचे बारीक संकेत दिसत नाहीत. म्हणून आता असं चालतं की रविवारी सकाळी मी फोन लावते, माझ्याकडच्या पेपरातलं कोडं वाचते, आणि आबा खाटेवर बसून सगळे चौकोन डोक्यात धरतात. खरंच डोक्यात. मी फक्त त्यांचे हात.

पहिल्याच महिन्यात आमचं भांडण झालं. आणि ते झालं एका अनुस्वारावरून.

त्या दिवशीचं अख्खं कोडं सांगत बसत नाही, पण ज्या कोपऱ्यात आम्ही अडकलो तो सांगते. तुम्हीही काढा. तीन बाय तीनचा चौकोन, मधलं घर काळं. म्हणजे वर एक आडवा शब्द, खाली एक आडवा शब्द, डावीकडे एक उभा, उजवीकडे एक उभा. चारही शब्द तीन-तीन अक्षरांचे. संकेत असे होते:

वरचा आडवा: घाव.
खालचा आडवा: डग्ग्याचा जोडीदार.
डावा उभा: समुदाय.
उजवा उभा: केसांत घातला.

आता थांबा आणि पहिल्याकडे बघा. घाव. आबा लगेच म्हणाले, "जखम." ज, ख, म. तीन घरं, बरोबर बसलं. मी लिहायला गेले तर म्हणाले, "थांब पोरी. शेवटचं घर लिहू नकोस. एक घाव का चार घाव, ते कुठं सांगितलंय?"

इथं मराठीची गंमत बघा. घाव हा पुल्लिंगी शब्द आहे आणि त्याच्या शेवटी मात्रा नाही. असे शब्द अनेकवचनात बदलतच नाहीत. एक घाव, दहा घाव. एक दात, बत्तीस दात. एक डोंगर, सात डोंगर. म्हणजे संकेत एकवचनी आहे की अनेकवचनी, हे नुसतं 'घाव' वाचून कळूच शकत नाही. पण उत्तर मात्र स्त्रीलिंगी आहे आणि ते बदलतं. एक जखम, दोन जखमा. आणि दोन्ही तीनच घरांचे! ज-ख-म, ज-ख-मा.

हे दुसरं नीट लक्षात घ्या, कारण मराठी कोडं आणि इंग्रजी कोडं इथं वेगळं होतं. शब्दकोडं म्हणून आज आपण जे ओळखतो त्याची सुरुवात आर्थर विन या माणसाच्या कोड्यापासून धरतात. ते 21 डिसेंबर 1913 ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरात आलं. इंग्रजीत अनेकवचन करायचं तर बहुतेक वेळा शेवटी एस हे अक्षर वाढतं. अक्षर वाढलं की चौकोन वाढतो. त्यामुळे तिथं नुसती घरं मोजून बऱ्याचदा कळतं की उत्तर एकवचनी आहे की नाही. भूतकाळाचंही तेच, शेवटी ईडी लागलं की घरं वाढतात.

आमच्या देगलूरच्या बसस्टँडवर तेलुगू बोलणारे भेटतात, त्यांच्या भाषेतही अनेकवचनाला बहुधा स्वतःचं अक्षर आहे. पुस्तकं या एका पुस्तकाची पुस्तकालु होतात. शेवटी 'लु' वाढला. कन्नडमध्ये मने म्हणजे घर, आणि घरं म्हणजे मनेगळु. पुन्हा घरं वाढली, दोन्ही अर्थांनी.

मराठीत मात्र एका चौकोनात एक अख्खं अक्षर बसतं, मात्रेसकट, जोडाक्षरासकट. अनेकवचन झालं की बहुतेक वेळा नवं घर लागत नाही, आहे त्याच शेवटच्या घराची मात्रा बदलते. भिंत दोन घरं, भिंती दोन घरं. नदी दोन, नद्या दोन. पुस्तक तीन, पुस्तके तीन. सासूच्या सासवा झाल्या की एक घर वाढतं, जळूच्या जळवा झाल्या की वाढतं, पण असे शब्द थोडे. म्हणून मराठीत घरं मोजून वचन कळत नाही. कळतं ते दोनच ठिकाणांहून. एक, संकेताच्या शेपटावरून. दोन, शेवटच्या घराला छेदून जाणाऱ्या शब्दावरून.

संकेताचं शेपूट म्हणजे काय? कोडं करणाऱ्याचा एक न लिहिलेला करार असतो. संकेत ज्या रूपात, उत्तर त्याच रूपात. वाक्यात संकेत काढून तिथं उत्तर ठेवलं तरी वाक्य बिघडायला नको. संकेत 'धावणे' असेल तर उत्तर 'पळणे'. 'धावला' असेल तर 'पळाला'. 'धाव' असेल तर 'पळ'. 'भट्टीत भाजतात त्या' असं असेल तर 'त्या' हा शब्द ओरडून सांगतोय की स्त्रीलिंगी आणि अनेक, म्हणजे विटा. 'भट्टीत भाजतात ती' असं असतं तर मग मडकी आठवायची.

म्हणून संकेत वाचताना शेवटचा शब्द आधी बघायचा. णे दिसलं तर मूळ रूप. ला, ली, ले, ल्या दिसलं तर भूतकाळ. चा दिसलं तर एक आणि पुल्लिंगी, च्या दिसलं तर बहुतेक अनेक आणि स्त्रीलिंगी. आणि 'घाव'सारखं काहीच दिसलं नाही तर? तर संकेत गप्प आहे, हे मान्य करायचं आणि दुसऱ्या शब्दाकडे जायचं.

आम्ही तेच केलं. उजवा उभा शब्द. मी वाचलं, "केसात घातलं." आबा म्हणाले, "माळले. फूल माळले, सुरंगी माळली, गजरा माळला. तू घातलं म्हणालीस, म्हणजे माळले. मा, ळ, ले." मी लिहिलं. वरच्या शब्दाचं शेवटचं घर आणि ह्या शब्दाचं पहिलं घर एकच. म्हणजे तिथं 'मा' आला. म्हणजे जखम नाही, जखमा! चार घाव होते तर. आबा खूश.

मग खालचा आडवा. डग्ग्याचा जोडीदार. हा सोपा, तबला. पण शेवटच्या घरात माळलेचा 'ले' आधीच बसलेला. मी म्हटलं, "तबले असेल." आबा गप्प. मग म्हणाले, "डग्ग्याचा म्हणालीस ना? चा. एक जोडीदार. मग तबले कसं होईल?"

मी म्हटलं, "आबा, पेपरवाल्यांनी चूक केली असेल."

"आधी तू काय वाचायलीस ते सांग. छापलंय तसं वाच. एकेक अक्षर."

मी पुन्हा बघितलं. छापलं होतं 'केसांत घातला'. मी वाचलं होतं 'घातलं'. डोळ्यांनी ला बघितला आणि तोंडानं लं म्हटलं. का? कारण माझ्या डोक्यात फूल होतं. मी अर्थ वाचला, अक्षर वाचलं नाही. आबांना कागद दिसत नव्हता. त्यांच्याकडे फक्त माझा आवाज होता, आणि माझ्या आवाजानं पुल्लिंगाचं नपुंसकलिंग करून टाकलं होतं.

माळला केलं. शेवटच्या घरात 'ला' आला. तबला बसला. आणि तबल्याचा 'त' डाव्या उभ्या शब्दाच्या शेवटच्या घरात गेला. तो संकेत होता 'समुदाय'. पुन्हा पुल्लिंगी, पुन्हा न बदलणारा, पुन्हा गप्प. वरून ज मिळालेला, त्यामुळे जमात हे सुचलं होतं, पण जमात की जमाती? ज-मा-त, ज-मा-ती, दोन्ही तीन घरांचे. तबल्याचा 'त' बिनमात्रेचा, म्हणून जमात. एकवचन. विषय संपला.

बघा आता. चार शब्दांपैकी दोघांचे संकेत गप्प होते आणि दोघांचे बोलके. बोलक्यांनी गप्प असलेल्यांची मात्रा ठरवली. जखमाला मात्रा मिळाली माळलाकडून, जमातीची मात्रा काढली तबल्यानं. आणि चूक कुठं झाली ते कसं कळलं? दोन बोलके शब्द एकाच घरात भांडले. ले की ला. असं भांडण झालं की शब्द बदलायची घाई करायची नाही. आधी दोघांची शेपटं पुन्हा वाचायची. कारण शब्द दोन्ही बरोबर असतात आणि रूप एकाचं चुकलेलं असतं, असंच जास्त वेळा होतं.

यातून मी पेन्सिलीची एक सवय लावून घेतली. संकेत गप्प असेल तर शेवटच्या घरात नुसतं व्यंजन हलकं लिहायचं आणि मात्रेची जागा मोकळी ठेवायची. जखम लिहिताना म लिहिला, काना नाही दिला. क्रियापद असेल तर शेवटचं घर पूर्ण मोकळं, कारण तिथं णे येईल की ला येईल हेच माहीत नसतं.

पण यात एक खड्डा आहे आणि मी त्यात तीनदा पडले आहे. काही शब्दांत फक्त शेवटचं घर बदलत नाही, आधीचंही बदलतं. वीट लिहिताना वी दीर्घ. विटा लिहिताना वि ऱ्हस्व. दोनच घरं आणि दोन्ही बदलली. सून, सुना. चूल, चुली. फूल, फुले. विहीर, विहिरी, इथं मधलं घर बदललं. जमीन, जमिनी, तसंच. शेवटी मात्रा नसलेल्या अस्सल मराठी शब्दात शेवटून दुसरा ई किंवा ऊ दीर्घ लिहायचा, आणि पुढं मात्रा आली की तो ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे शुद्धलेखनाचे नियम हेच सांगतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र असे वाकत नाहीत. गीत, गीते. गी दोन्हीकडे दीर्घच.

याचा उलटा फायदा आहे. समजा संकेत गप्प आहे, आणि शेवटच्या घराला कोणताच शब्द छेदत नाही. वीट की विटा, कसं ठरवणार? पहिल्या घराला छेदणारा शब्द बघा. तो विहीर असेल तर पहिलं घर ऱ्हस्व वि, म्हणजे उत्तर विटा. तो वीणा असेल तर दीर्घ वी, म्हणजे वीट. शेवटचं घर न बघता वचन कळलं! फक्त इतकं सांभाळा की काही कोडी करणारे ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडतात. एका घरात एकाला वि हवा आणि दुसऱ्याला वी, बाकी सगळं चोख बसलंय, असं दिसलं तर त्या कोड्यात हा पुरावा धरायचा नाही.

आता क्रियापदांकडे येऊ. भूतकाळ करताना मराठीतही कधीकधी घरं वाढतात, आणि तेव्हा मोजणं कामाला येतं. घेणे दोन घरं, घेतला तीन. मागणे तीन, मागितले चार. पण जाणे दोन आणि गेला दोन, करणे तीन आणि केले दोन! म्हणजे 'बनवले' असा संकेत आणि दोनच घरं दिसली, तर करले शोधत बसू नका, केले आहे ते. वाकडी रूपं असलेली क्रियापदं फार नाहीत. येणे, जाणे, देणे, घेणे, करणे, खाणे, मरणे अशी रोजचीच आहेत. तेवढी तोंडात बसवली की पुरे.

आणि ला-ली-ले दिसलं म्हणजे भूतकाळच, असं उलटं धरू नका. छेदातून शेवटच्या घरात ली आली, तर ती धावली असेल, पण सावलीही असेल. खोली, बाहुली, सगळ्या ली वर संपतात. तबला, बंगला हे ला वर संपतात आणि त्यातला कुणी कुठंही गेलेला नाही. णे तर त्याहून फसवं. दाणे हे दाण्याचं अनेकवचन, नाणे हे एकच नाणं, आणि पुणे हे शहर. छेदातून आलेलं अक्षर शेवट सांगतं, ते नाम आहे की क्रियापद हे संकेतच सांगतो. आणि नुसता ल आला, मात्रेशिवाय, तर भविष्यकाळ आठवा. करेल, येईल, जाईल.

'ले' आणखी एका बाबतीत दोन तोंडांचा आहे. घोडे पळाले, इथं अनेक. पान गळाले, इथं एकच पान. आबा आले, इथं एकच आबा, मान म्हणून ले. तेव्हा ले वरून भूतकाळ कळतो, वचन नाही कळत. ली सुद्धा तशीच. मुलगी आली, एक. मुले आली, अनेक.

आता आमच्या गावाकडची एक अडचण. आमच्याकडे 'काय करायलास?' म्हणजे 'काय करतो आहेस?' 'तो यायलाय' म्हणजे 'तो येतो आहे'. बोलण्यात ला आहे, पण काळ वर्तमान. मी लहानपणी 'येत आहे' असा संकेत बघितला की माझ्या मनात ला वाजायचा आणि मी शेवटच्या घरात ला टाकून मोकळी व्हायचे. नांदेड-लातूरकडचे कुणी ऐकत असाल तर तुम्हाला हे लगेच कळेल. ही आपल्या बोलीची चूक नाही. कोडं लिहिलेल्या मराठीत असतं, एवढंच.

आणि हीच अडचण आता सगळ्यांची आहे, कारण आपण मोबाइलवर बोलतो तसं टाइप करतो. पुस्तकं, झाडं, केलं, सांगितलं. मी आत्ता या बोलण्यातही तसंच म्हणतेय. कोड्यात मात्र बहुधा पुस्तके, झाडे, केले, सांगितले असतं. तुम्ही शेवटच्या घरात 'कं' लिहिलात तर त्याला छेदणारा शब्द 'कं'ने सुरू होईल, कंठ, कंदील, आणि सगळा कोपरा फसेल. 'के' लिहा, केवडा येईल.

त्या भांडणानंतर आमचा नियम ठरला. मी संकेत दोनदा वाचते. एकदा सरळ, आणि एकदा फक्त शेवटचा शब्द, अक्षर सुटं करून. "घात-ला. ला ला काना." आबा तिकडून म्हणतात, "ला. बरं." मग उत्तर देतात.

गेल्या रविवारी संकेत होता 'पाहिले', तीन घरं. मी वाचलं, "पाहि-ले. ल ला मात्रा." आबा म्हणाले, "बघितले चार होतात. देखिले? का देखले? का निरखले, ते तर चार." मग जरा वेळ शांतता. "छेदणारा कोण आहे मधल्या घरात?"

मी सांगितलं, "खिडकी. खि ऱ्हस्व."

"मग देखिले. जुनं रूप आहे. लिही."

आणि मग म्हणाले, "तू आता बरोबर वाचायलीस."

आजच्यापुरतं एवढंच. तो तीन बाय तीनचा चौकोन घरातल्या कुणाला तरी फोनवर वाचून दाखवा. आणि 'केसांत घातला' म्हणताना तोंडातून काय निघतं, ते नीट ऐका. भेटू पुढच्या भागात.